खरेदीखताच्या दिवशी कोणाला किती वाजता बोलवायचं आणि काय आणायला सांगायचं?

प्रश्न: "गुरुवारी नाशिकला आमच्या रीसेल फ्लॅटचं खरेदीखत आहे. साडेअकराचा स्लॉट मिळालाय. विकणारे काका-काकू मुंबईहून येणार, घेणारे आम्ही दोघं नवरा-बायको आणि दोन साक्षीदार. वकील म्हणाले, सगळ्यांना तुम्हीच मेसेज करा, वेळेवर या आणि कागद आणा म्हणावं. ग्रुपवर नेमकं काय लिहू?"

आधी एक सांगतो, ग्रुपवर फार काही लिहूच नका. मी नाशिकमध्ये वीसेक वर्षं दस्तांची कामं करतोय. माझ्यासमोर जे दस्त त्या दिवशी अडले, त्यातले बरेचसे 'सर्वांनी साडेअकरा वाजता ओरिजिनल कागदपत्रांसह उपस्थित राहावे' अशा एका मेसेजमुळे अडले. त्यात खोटं काहीच नसतं. पण 'ओरिजिनल कागदपत्रं' म्हणजे काय याचा अर्थ प्रत्येकजण आपापला लावतो. साक्षीदाराला वाटतं, मला कशाला कागद लागतील? काकांना वाटतं, फ्लॅटची जुनी फाईल आणली की झालं. आणि साडेअकरा म्हटलं की माणूस साडेअकराला रिक्षात बसतो.

साडेअकरा ही कार्यालयातली तुमच्या दस्ताची वेळ आहे. त्याआधी दस्तावर सह्या झालेल्या असायला हव्यात आणि रीसेलमध्ये खरा वेळ तिथेच जातो. समजा तुमचा दस्त जोडलेल्या कागदांसकट सत्तर पानांचा आहे. नाशिकमध्ये आम्ही प्रत्येक पानावर देणार-घेणार सगळ्यांच्या सह्या घेतो. चार माणसं गुणिले सत्तर म्हणजे दोनशे ऐंशी सह्या झाल्या. त्यात फोटो चिकटवायचे, अंगठे घ्यायचे, काकूंचा चष्मा शोधायचा, आणि मध्येच काका विचारणार, "हे पान वाचलं का मी?" वाचायला द्यावंच लागतं, त्यांचा हक्क आहे. चाळीस मिनिटं ते तास सहज जातो.

म्हणून वेळ उलटी मोजा. साडेअकराला स्लॉट, तर अकराला सगळे कार्यालयाच्या दारात हवेत. त्यासाठी दहाला वकिलांच्या ऑफिसात सह्या सुरू व्हायला हव्यात. आता काका मुंबईहून येणार. सकाळच्या तपोवननं आले तर नाशिकरोडला उतरेपर्यंत दहा वाजत आलेले असतात, पुढे द्वारकेचा सिग्नल आहेच. गाडी करून आले तरी कसारा घाट कधी मोकळा मिळेल हे कोण सांगणार? त्यामुळे काका-काकूंना आदल्या संध्याकाळच्या पंचवटीनं येऊन मुक्काम करायची विनंती करा. सोय तुम्ही करा, दोन पैसे गेले तरी चालतील. ते शक्य नसेल तर स्लॉट दुपारचा घ्या. स्लॉट बदलणं सोपं आहे. काका घाटात अडकलेत आणि कार्यालयात आपला नंबर पुकारला जातोय, तेव्हा काहीच सोपं नसतं.

आता आत काय होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे कोणाला काय आणायला सांगायचं ते आपोआप कळेल. दस्त नोंदवून परत मिळतो तेव्हा मागच्या पानांवर शिक्के आणि त्यांच्या वेळा छापलेल्या दिसतात: सादरीकरण, फी, कबुली, ओळख. त्याच क्रमानं काम चालतं. आधी एकजण दस्त सादर करतो, बहुतेक वेळा घेणारा. मग फी आणि चलन बघून चलन तिथेच डिफेस करतात, म्हणजे तेच चलन पुन्हा वापरता येत नाही. मग 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' एकेक करून पुढे येतात. कॅमेऱ्यात फोटो, यंत्रावर अंगठा, आणि दुय्यम निबंधक विचारतात की दस्त तुम्हीच करून दिलाय का, मजकूर मान्य आहे का. ही कबुली. शेवटी ओळख देणारे दोघं येतात.

त्या ओळखीच्या पानावर जे वाक्य छापलेलं असतं, ते साक्षीदारांना आधीच सांगून ठेवा. आशय असा की दस्त करून देणाऱ्यांना आम्ही व्यक्तिशः ओळखतो आणि त्यांची ओळख पटवतो. एकदा आमच्या पक्षकारानं ऐनवेळी साक्षीदार म्हणून गाडीचा ड्रायव्हर उभा केला. साहेबांनी सहज विचारलं, "विकणाऱ्यांना किती वर्षं ओळखता?" तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "साहेब, आज सकाळीच बघितलं." काम तिथेच थांबलं. दुसरा साक्षीदार सिडकोतून येईपर्यंत दीड तास गेला, आणि तेवढ्यात सर्व्हर बसला. ड्रायव्हरची काय चूक? त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा साक्षीदार निवडताना दोन गोष्टी बघा. तो दस्तात पक्षकार नसावा, आणि दोन्ही बाजूंना चेहऱ्यानं तरी ओळखणारा असावा. सोसायटीतला एखादा शेजारी सगळ्यात उत्तम. तो काकांना वर्षानुवर्षं ओळखतो, आणि फ्लॅट बघायला गेलात तेव्हा तुम्हालाही भेटलेला असतो. कार्यालयाबाहेर पैसे देऊन साक्षीदार मिळतात, तो मोह टाळा. उद्या वाद झालाच तर कोर्टात त्याच माणसाला शोधत फिरावं लागेल. आणि दस्तावर सही करणारा साक्षीदार आणि कार्यालयात ओळख देणारा ही खरं तर दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे बहुतेक तेच दोघं दोन्ही करतात, म्हणून त्यांनाही दहालाच बोलवायचं. सह्या त्यांच्या डोळ्यांदेखत झालेल्या बऱ्या.

मेसेज दोन टप्प्यांत पाठवा. पहिला आजच, म्हणजे तीन दिवस आधी, आणि प्रत्येकाला वेगळा. कारण ऑनलाइन डेटा एन्ट्रीत सगळ्यांची नावं, वय, पत्ता, पॅन आधीच भरले जातात. कार्ड गुरुवारी पहिल्यांदा हातात आलं आणि नाव वेगळं निघालं, तर दस्तात दुरुस्ती, एन्ट्रीत दुरुस्ती, पुन्हा प्रिंट. काकूंच्या बाबतीत हे हमखास होतं. जुन्या खरेदीखतात एक नाव, पॅनवर माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं मधलं नाव. आधी कळलं तर दस्तात 'ऊर्फ' घालून मिटतं.

काकांना साधारण असं लिहा:

"काका, नमस्कार. गुरुवारच्या खरेदीखतासाठी तुमच्या आणि काकूंच्या आधार आणि पॅनचे दोन्ही बाजूंचे फोटो आज रात्रीपर्यंत मला इथेच पाठवाल का? ग्रुपवर टाकू नका. दस्तात तुमची नावं कशी लिहिली आहेत ते खाली दिलंय. कार्डांवरच्या नावांशी जुळतात का, तेवढं बघा. एका अक्षराचा फरक असला तरी सांगा, आज दुरुस्त करता येईल."

साक्षीदारांनाही हाच मेसेज, फक्त त्यांच्याकडून आधार पुरे. ग्रुपवर आधार-पॅनचे फोटो का नकोत, हे वेगळं सांगायला नकोच. तसंच व्यवहाराची रक्कमही ग्रुपवर लिहू नका. साक्षीदार शेजारी असेल तर काकांना ते आवडणार नाही, आणि तुमच्या नव्या सोसायटीत ती रक्कम तुमच्या आधी पोचेल.

दुसरा मेसेज बुधवारी दुपारी. हा शेवटचा. बुधवारीच का, तर तोपर्यंत मुद्रांक शुल्काचं चलन भरून झालेलं असतं, पानं नक्की झालेली असतात आणि स्लॉटची पावती हातात असते. पानांवरून आठवलं, दस्त हाताळणी शुल्क पानांच्या हिशेबानं आधीच भरायचं असतं. ऐनवेळी कोणी "हा सोसायटीचा ठरावही जोडा ना" म्हटलं की पानं वाढतात आणि शुल्काचा मेळ बसत नाही. म्हणून मेसेजमध्येच सांगून टाका की आता नवीन काही जोडलं जाणार नाही.

काकांसाठी बुधवारचा मेसेज मी असा लिहीन:

"काका, उद्या गुरुवारी सकाळी बरोबर 10 वाजता वकिलांच्या ऑफिसात भेटू. लोकेशन खाली पाठवतोय. तिथे सह्या करून सगळे मिळून नोंदणी कार्यालयात जाऊ, तिथली वेळ 11:30 आहे. आपलं कार्यालय कोणतं, तो क्रमांक आणि पत्ता खाली दिलाय. नाशिकमध्ये अशी कार्यालयं बरीच आहेत, म्हणून रिक्षावाल्याला नुसतं रजिस्ट्री ऑफिस सांगू नका.

सोबत: तुमचं आणि काकूंचं मूळ आधार कार्ड, मूळ पॅन कार्ड, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, दोघांचे दोन-दोन पासपोर्ट फोटो, वाचायचा चष्मा, फोन चार्ज करून. फ्लॅटची मूळ फाईल: तुमचं जुनं खरेदीखत, त्याची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक 2, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टी आणि लाइट बिलाच्या शेवटच्या पावत्या.

काकूंनी कृपया हाताला मेंदी लावू नये, अंगठ्याचा ठसा नीट येत नाही. दुपारी 3 पर्यंतचा वेळ मोकळा ठेवा, परतीचं तिकीट संध्याकाळच्या गाडीचं काढा. काही अडचण आली तर आज रात्री 8 पर्यंत फोन करा, म्हणजे वेळ बदलता येईल."

मेंदीचं वाचून हसू नका. लग्नसराईत हे होतं. मेंदी, कापलेला अंगठा, शेतात किंवा साबणात काम करून झिजलेल्या रेषा, यंत्राला काहीच कळत नाही. वय झालेल्यांचे ठसे तर तीन-चारदा घ्यावे लागतात. अशा वेळी घाई करायची नाही, हात पुसून पुन्हा ठेवायचा. काकांचं वय सत्तरीपुढे असेल तर आधी स्वतः जाऊन कार्यालयाला लिफ्ट आहे का ते बघून या. जिने चढणं जमणारच नसेल, अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असेल, तर आधी अर्ज करून दुय्यम निबंधकांची गृहभेट मागता येते. पण ते बुधवारी रात्री सुचून उपयोग नाही.

काकांच्या मेसेजमध्ये एक गोष्ट मुद्दाम लिहिली नाही, ती फोनवर बोला: पैसे. विकणाऱ्याच्या मनात त्या दिवशी दुसरं काही नसतं. सही केली आणि चेक नाही मिळाला तर? म्हणून उरलेली रक्कम कोणत्या क्षणी, कशी, कोणाच्या हातून मिळणार हे आधी ठरवून सांगा. तुमचं गृहकर्ज असेल तर हे बँकेवर अवलंबून आहे. काही बँकांचा माणूस डीडी घेऊन कार्यालयात येतो आणि कबुली झाली की देतो. काही बँका नोंदवलेला दस्त आणि सूची क्रमांक 2 हातात आल्यावरच रक्कम सोडतात. दुसरा प्रकार असेल तर काकांना आजच सांगा. ते कदाचित नाराज होतील, पण घरी होतील. कार्यालयात झाले तर सह्या थांबतील.

आणि टीडीएस. व्यवहार 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्यानं 1 टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. समजा 62 लाखांचा व्यवहार आहे, तर 62 हजार कापले जाणार. काका चेक मोजतात, बासष्ट हजार कमी, आणि चेहरा बदलतो. ही रक्कम त्यांच्याच पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना हिशेबात येते, हे त्यांना आदल्या दिवशी शांतपणे सांगा. तुम्ही दोघं घेणार, ते दोघं विकणार, तर प्रत्येक घेणारा आणि प्रत्येक विकणारा अशा जोड्या धरून टीडीएसचे चार फॉर्म होतात. हे तुमच्या सीएला आठवण करून द्या, बरेच लोक एकच भरून मोकळे होतात.

साक्षीदारांचा मेसेज छोटा ठेवा:

"काका, उद्या सकाळी 10 वाजता वकिलांच्या ऑफिसात या, लोकेशन खाली आहे. मूळ आधार कार्ड आणि एक झेरॉक्स आणा. तिथे दस्तावर साक्षीदार म्हणून सही करायची आहे, मग नोंदणी कार्यालयात विकणाऱ्यांना आणि आम्हाला तुम्ही ओळखता एवढं सांगून फोटो आणि अंगठा द्यायचा आहे. ओळखीचं काम शेवटी असतं, त्यामुळे दुपारी 2-3 वाजू शकतात. तेवढा वेळ जमणार नसेल तर आजच सांगा, राग येणार नाही."

शेवटचं वाक्य काढू नका. साक्षीदार उपकार करत असतो, त्याला नाही म्हणायला अवघड वाटतं, मग सकाळी फोन लागत नाही. म्हणून तिसरा माणूस तयार ठेवा आणि त्याचंही आधार सोमवारीच मागवून ठेवा.

तुमची स्वतःची यादीही लिहून घ्या, कारण दुसऱ्यांना मेसेज करणारा स्वतःचं पॅन घरी विसरतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता विचारत नाही, सरळ बॅग उघडायला सांगतो. दोघांचं मूळ आधार आणि पॅन, फोटो, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीच्या चलनाची प्रिंट, हाताळणी शुल्काची पावती, डेटा एन्ट्रीचा क्रमांक, स्लॉटची पावती, बँकेच्या माणसाचा नंबर. नोंदणी फी 1 टक्का असते, पण 30 हजारांच्या वर जात नाही, त्यामुळे 62 लाखांवर 30 हजारच. चलनावर नाव आणि मिळकतीचं वर्णन दस्ताप्रमाणेच आहे ना, हे चलन भरायच्या आधी बघायचं. आणि मुद्रांक शुल्क भरल्याशिवाय कोणाचीही सही घ्यायची नाही. काका आदल्या रात्री घरी आले म्हणून 'होऊन जाऊ दे सह्या' करू नका, चलन हातात आहे का ते पाहा.

आता प्रश्न राहतो, सगळं करूनही एखादा आलाच नाही तर? काका आले आणि काकू आजारी पडल्या, असं धरा. घाबरायचं कारण नाही. देणाऱ्या सगळ्यांनी एकाच वेळी हजर राहिलं पाहिजे असं नोंदणी कायद्यात नाही. आलेल्यांची कबुली घेऊन दस्त प्रलंबित ठेवता येतो, काकू नंतर येऊन कबुली देऊ शकतात. त्यासाठी दस्तावर सही झाल्यापासून साधारण चार महिने मिळतात, त्यापुढे दंड भरून आणखी चार. पण काकूंची दस्तावर सहीच झाली नसेल, तर ती गोष्ट वेगळी. मग मी दस्त सादरच करत नाही, नवा स्लॉट घेतो. आणि "त्यांच्या वतीनं मी करतो सही, मुखत्यारपत्र नंतर देतो" हे कोणीही म्हटलं तरी ऐकायचं नाही. मुखत्यारपत्र आधी रीतसर झालेलं असावं लागतं, आणि ते मूळ स्वरूपात त्या दिवशी हातात लागतं.

ग्रुपचं म्हणाल, तर तिथे बुधवारी संध्याकाळी फक्त तीन ओळी टाका: उद्या 10 वाजता, ठिकाण हे, दुपारी 3 पर्यंत मोकळे राहा. आणि गुरुवारी सकाळी आठला मेसेज नको, प्रत्येकाला फोन करा. "निघालात का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "मूळ आधार बॅगेत ठेवलं का? बघून सांगा, मी थांबतो."